विश्लेषण : पाय कापल्याचा खर्च मिळतो, कृत्रिम पायाचा का नाही?

पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेचे लाख-दोन लाख रुपये आरोग्य विमा कंपनी देते. पण त्यानंतर पुन्हा चालता यावे म्हणून लागणाऱ्या कृत्रिम पायाचे पैसे बहुतेक पॉलिसींमध्ये मिळत नाहीत. वॉकर, श्रवणयंत्र आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांना लागणारे ‘सीपॅप’ यंत्र यांचीही हीच गत होते. डॉक्टरांची चिठ्ठी असते, गरज निर्विवाद असते, तरीही दाव्याच्या कागदावर ‘देय नाही’ असा शिक्का बसतो. तो का बसतो, आणि प्रत्येक वेळी तो बसलाच पाहिजे का, याचा हा आढावा.

विमा कंपनी रेषा नेमकी कुठे ओढते?

हृदयाचे ठोके नियमित ठेवणारा पेसमेकर, रक्तवाहिनीतला स्टेंट, गुडघ्याच्या सांध्यात बसवलेला धातूचा कृत्रिम सांधा ही सारी उपकरणेच आहेत. ती रुग्णाबरोबर घरी जातात आणि वर्षानुवर्षे वापरली जातात. तरीही त्यांचा खर्च आरोग्य विम्यात मिळतो. म्हणजे ‘उपकरण आहे म्हणून पैसे नाहीत’ असा नियम नाही.

अनेक पॉलिसींच्या कलमांत शब्दरचना साधारण अशी असते, की शस्त्रक्रियेदरम्यान शरीराच्या आत बसवलेल्या उपकरणाचा खर्च मिळेल. शस्त्रक्रिया सुरू असताना ज्याची गरज नाही अशा बाह्य साधनाचा मिळणार नाही. रेषा गरजेवर ओढलेली नाही, ती त्वचेवर ओढलेली आहे. त्वचेच्या आत गेले ते ‘उपचार’, बाहेर राहिले ते ‘साधन’.

ही रेषा किती अवघड जागी पडते, ते कॉक्लियर इम्प्लांटच्या बाबतीत दिसते. श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही इतके ऐकू येणे कमी झाले असेल, तर हे उपकरण बसवतात. त्याचे दोन भाग असतात. एक भाग शस्त्रक्रिया करून कानाच्या आत बसवला जातो. दुसरा, आवाज टिपून त्याचे संकेतात रूपांतर करणारा प्रोसेसर, कानामागे बाहेर लावला जातो. एकाशिवाय दुसरा निरुपयोगी आहे. पण विम्याच्या भाषेत अर्धे उपकरण आत आहे आणि अर्धे बाहेर. त्यामुळे काही कंपन्या ते मर्यादित रकमेपर्यंत देतात, तर काहींच्या पॉलिसीत चष्मा आणि श्रवणयंत्र यांच्याच ओळीत कॉक्लियर इम्प्लांटचे नाव घालून ते सरसकट वगळलेले असते.

वगळलेल्या बाबींची यादी आली कुठून?

एके काळी कोणत्या बाबी कापायच्या हे प्रत्येक विमा कंपनी आणि दावे तपासणारी प्रत्येक टीपीए संस्था आपापल्या पद्धतीने ठरवत असे. एकाच रुग्णालयाच्या सारख्याच बिलांतून दोन कंपन्या वेगवेगळी कपात करत. हा गोंधळ कमी करण्यासाठी विमा नियामक ‘इर्डा’ने २०१३ मध्ये १९९ बाबींची एक प्रमाणित यादी दिली. पुढे तिची फेररचना होऊन चार याद्या झाल्या. आज अनेक पॉलिसींच्या शेवटी परिशिष्ट म्हणून याच याद्या जोडलेल्या दिसतात.

पहिल्या यादीत ६८ बाबी आहेत. वॉकर, कुबड्या, काठी यांसारखी चालण्याची साधने, मानेचा आणि कमरेचा पट्टा, गुडघ्याचा ब्रेस, मधुमेहींसाठीची पादत्राणे, रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर हे सारे तिथे आहे. याच यादीत टीव्हीचे शुल्क, कपडे धुण्याचा खर्च, मिनरल वॉटर आणि झेरॉक्सचे पैसेही आहेत. नियामकाने या यादीला ‘ऐच्छिक बाबी’ म्हटले होते. म्हणजे कंपनीने ठरवले तर तिला या बाबी देता येतात. पॉलिसीच्या परिशिष्टात मात्र त्याच यादीवर ‘या बाबींना संरक्षण उपलब्ध नाही’ असे शीर्षक येते. ग्राहकाला ती बंदी वाटते. प्रत्यक्षात तो कंपनीने केलेला निवाडा असतो.

उरलेल्या तीन याद्यांतील बाबी खोलीभाडे, शस्त्रक्रियेचे शुल्क आणि उपचारांचा एकूण खर्च यांत धरलेल्या मानल्या जातात. सीपॅप यंत्र या शेवटच्या गटात येते. अतिदक्षता विभागात रुग्णाला सीपॅप लावले, तर तो उपचाराचाच भाग ठरतो आणि रुग्णालयाने त्याचा वेगळा आकार लावू नये अशी अपेक्षा असते. तेच यंत्र डॉक्टरांनी घरी वापरायला सांगितले, की ते ‘घरी वापरायचे टिकाऊ उपकरण’ बनते आणि पॉलिसीच्या दुसऱ्याच कलमाने बाहेर जाते. श्रवणयंत्र आणि कृत्रिम अवयव हेही बहुधा या प्रमाणित यादीमुळे नव्हे, तर प्रत्येक पॉलिसीच्या स्वतःच्या कलमामुळे वगळले जातात. म्हणूनच कंपनीगणिक फरक पडतो आणि पॉलिसी वाचण्याला अर्थ उरतो.

कंपन्यांची बाजू काय?

पहिले कारण कराराच्या रचनेत आहे. आपल्याकडची नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी ही आरोग्याचा विमा नसून रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. किमान २४ तास दाखल होणे ही तिची मूळ घटना. त्यामुळे घटनेआधीचे साधारण ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस एवढाच काळ तिच्या कक्षेत येतो. काही पॉलिसींत हे दिवस जास्त असतात. श्रवणयंत्र घेणाऱ्या व्यक्तीला बहुधा रुग्णालयात दाखल व्हावेच लागत नाही. घटनाच घडली नाही, तर दावा उभा राहत नाही.

दुसरे कारण जोखमीच्या स्वरूपाचे आहे. विमा अनिश्चित गोष्टींचा उतरवला जातो. वाढत्या वयात ऐकू कमी येणे ही फार मोठ्या संख्येने लोकांच्या वाट्याला येणारी, हळूहळू होणारी आणि आधी कळणारी गोष्ट आहे. श्रवणयंत्राला सरसकट संरक्षण दिले, तर ज्यांना ते लवकरच लागणार आहे तेच लोक ती पॉलिसी घेतील आणि हप्ता यंत्राच्या किमतीच्या आसपास जाऊन पोचेल. मग तो विमा राहत नाही, हप्त्याने केलेली खरेदी होते. हा युक्तिवाद श्रवणयंत्राला बऱ्यापैकी लागू पडतो. अपघातात किंवा गँगरिनमुळे पाय गमावणाऱ्याला मात्र तो लागू पडत नाही. पाय जाणे ही कोणी ठरवून आणलेली घटना नसते.

तिसरे कारण हिशेबाचे. पॉलिसी एक वर्षाची असते आणि उपकरण पाच वर्षे चालते. शिवाय ते एकदाच लागत नाही. सीपॅपचा मास्क आणि नळी झिजते, श्रवणयंत्र बदलावे लागते, कृत्रिम पायाचा सांगाडा टिकला तरी त्याचा सॉकेट सैल होतो. हा खर्च कोणत्या वर्षीच्या पॉलिसीने उचलायचा, आणि पुढच्या वर्षी ग्राहकाने कंपनी बदलली तर काय, याचे उत्तर आजच्या रचनेत नाही.

चौथे कारण संशयाचे. रुग्णालयातल्या औषधांची नोंद केस पेपरवर असते. घरी गेलेले यंत्र खरोखर वापरले जाते, की कपाटात पडून आहे, की विकले गेले, हे कंपनीला दिसत नाही. शिवाय साध्या कृत्रिम पायापासून इलेक्ट्रॉनिक गुडघ्याच्या पायापर्यंत किमतीचा पल्ला काही हजारांपासून अनेक लाखांपर्यंत जातो. त्यातला ‘आवश्यक’ कोणता आणि ‘हौशी’ कोणता, हे ठरवणारा सर्वमान्य दरतक्ता खासगी विम्यात नाही.

प्रत्यक्षात हिशेब कसा होतो?

एक नमुना घेऊ. माणूस आणि आकडे कल्पित आहेत, पण दाव्याचा क्रम नेहमीचा आहे. सांगली जिल्ह्यातील ५८ वर्षांच्या एका मधुमेही गृहस्थांची पाच लाखांची पॉलिसी आहे. पायाची जखम चिघळते, संसर्ग वर चढतो आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागतो. ३ मार्चला ते दाखल होतात आणि १३ मार्चला त्यांना डिस्चार्ज मिळतो. बिल २ लाख १० हजार रुपयांचे होते. त्यातून ८ हजार ६०० रुपये कापले जातात. त्यात हातमोजे, मास्क, क्रेप बँडेज आणि घरी जाताना दिलेल्या वॉकरचे २ हजार ४०० रुपये आहेत. कंपनी २ लाख १ हजार ४०० रुपये रुग्णालयाला थेट देते. इथपर्यंत घरच्यांची फारशी तक्रार नसते.

डिस्चार्जनंतरचे ६० दिवस १२ मे रोजी संपतात. तोवर ड्रेसिंग, औषधे आणि डॉक्टरांच्या भेटी यांवर १८ हजार रुपये खर्च होतात आणि बिले नीट दिल्यामुळे तेही परत मिळतात.

आता पायाचा प्रश्न येतो. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर लगेच कृत्रिम पाय बसत नाही. जखम पूर्ण भरावी लागते, सूज उतरावी लागते. त्यासाठी दाब देणारे बँडेज किंवा घट्ट मोजा बांधून त्या भागाला आकार द्यावा लागतो. या सगळ्याला साधारण दीड ते तीन महिने लागतात. मधुमेहात जखम सावकाश भरते, त्यामुळे अनेकदा त्याहून जास्त वेळ जातो. आपल्या नमुन्यातील गृहस्थांचे माप २ जूनला घेतले जाते आणि २० जूनला ८० हजार रुपयांचा पाय मिळतो.

या ८० हजारांचा दावा दोनदा अडतो. बहुतेक पॉलिसींत तो ‘शस्त्रक्रियेदरम्यान गरज नसलेले बाह्य साधन’ म्हणून नाकारला जातो. पण समजा, पॉलिसी उदार आहे. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या काही मेडिक्लेम पॉलिसींत देय खर्चांच्या यादीत भूल, रक्त, ऑक्सिजन यांच्या जोडीला ‘कृत्रिम अवयव’ हे शब्द स्पष्टपणे आलेले आहेत. तशी पॉलिसी असली, तरी तारीख आडवी येते. खर्च २० जूनचा आणि मुदत १२ मे रोजी संपलेली. म्हणजे ज्या गोष्टीला वैद्यकीय कारणांनीच दोन-तीन महिने थांबावे लागते, तिच्यासाठी मुदत दोन महिन्यांची आहे.

दरम्यान त्या वर्षीच्या पाच लाखांपैकी २ लाख ८० हजार ६०० रुपये वापराविना पडून असतात. पैसे संपले म्हणून पाय नाकारला जात नाही. तो कुठे आणि केव्हा लागला, यावरून नाकारला जातो.

खर्च तिथेही थांबत नाही. पहिल्या वर्षभरात उरलेला भाग आणखी बारीक होतो आणि सॉकेट ढिला पडतो. चालताना पाय आत वरखाली सरकू लागला, जास्तीचे मोजे घालूनही बसेना, किंवा त्वचेवर न जाणारा लाल चट्टा दिसू लागला, तर सॉकेट बदलायची वेळ झाली असे समजावे. मधुमेहीला तो चट्टा अंगावर काढणे परवडत नाही, कारण त्यातूनच पुढची जखम आणि कदाचित गुडघ्याच्या वरची शस्त्रक्रिया ओढवते. गंमत अशी, की त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे विमा कंपनी पुन्हा देईल.

हाच पाय अपघातात गेला असता तर?

तर हिशेबाची तऱ्हाच बदलली असती. रस्ते अपघातातील जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. तिथला प्रश्न ‘रुग्णालयात किती खर्च झाला’ एवढाच नसतो. या माणसाला पुढच्या आयुष्यात काय लागेल, हाही असतो. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हा हिशेब उघड मांडला. तिथे कृत्रिम पायाची किंमत २ लाख ६० हजार आणि आयुष्य पाच-सहा वर्षे धरले होते. जखमी व्यक्ती तरुण होती, त्यामुळे एका पायाने भागणार नव्हते. न्यायालयाने तीन पायांसाठी ७ लाख ८० हजार आणि देखभालीसाठी आणखी ५ लाख रुपये मंजूर केले.

नुकसानभरपाईचा कायदा पुढे पाहतो आणि आरोग्य विमा मागे पाहतो, हा या दोन्हींतला मूळ फरक आहे. वैयक्तिक अपघात विमा या दोन्हींच्या मध्ये बसतो. त्यात बिल दाखवावे लागत नाही, अवयव गेल्याबद्दल ठरलेली रक्कम मिळते. वर्षाला २० रुपये हप्त्याच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत अपघातात एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. ते कशावर खर्च करायचे, हे कोणी विचारत नाही. मात्र ही दारे अपघातग्रस्तांसाठीच आहेत. मधुमेहामुळे पाय गमावणाऱ्यासाठी ती बंद राहतात.

सीपॅपची अडचण वेगळी कशी?

सीपॅप रात्रभर मास्कमधून ठरावीक दाबाने हवा देते आणि झोपेत मिटणारा घसा उघडा ठेवते. इथे रुग्ण तीन ठिकाणी अडकतो. पहिला अडसर निदानाचा. निदानासाठी एक रात्र झोपेची तपासणी करावी लागते. ‘केवळ तपासणीसाठी दाखल होणे’ हा इर्डाने प्रमाणित केलेल्या अपवादांपैकी एक असल्याने त्या रात्रीचा खर्च सहसा मिळत नाही. दुसरा अडसर असा, की हा आजार रुग्णालयात दाखल करून बरा करण्याचा नाही. म्हणजे २४ तासांची घटना नाही. तिसरा अडसर यंत्राचा. ते घरी वापरायचे टिकाऊ उपकरण आहे आणि अनेक पॉलिसींच्या अपवादांत त्याचे नावच लिहिलेले असते.

परिणाम असा, की ज्या आजाराचा मुख्य उपचारच एक यंत्र आहे, त्याच्या निदानापासून उपचारापर्यंतचा सारा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. उपचार न झालेल्या या आजाराचा उच्च रक्तदाबाशी आणि हृदयविकाराशी संबंध आहे. त्यासाठी दाखल व्हावे लागले, तर मात्र विमा कामाला येतो.

इतरत्र हे प्रश्न कसे सोडवले?

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यात ‘टिकाऊ वैद्यकीय साधने’ असा स्वतंत्र वर्गच आहे. वॉकर, व्हीलचेअर आणि सीपॅप त्यात येतात. कृत्रिम अवयवांनाही संरक्षण आहे. साधारण २० टक्के वाटा रुग्ण उचलतो.

सीपॅपची पद्धत पाहण्यासारखी आहे. यंत्र विकत दिले जात नाही, आधी १२ आठवड्यांच्या चाचणीसाठी दिले जाते. यंत्रातच वापराची नोंद होते. सलग ३० दिवसांतील किमान ७० टक्के रात्री चार तास तरी ते वापरले, असे त्या नोंदीतून दिसावे लागते. ते दिसले आणि उपयोग होत असल्याचे डॉक्टरांनी लिहिले, तर भाडे पुढे चालू राहते. १३ महिन्यांचे भाडे भरले, की यंत्र रुग्णाचे होते. ‘घरी वापरले जाते का, ते कळत नाही’ या आक्षेपाला हे सरळ उत्तर आहे. भाड्यामुळे एका वर्षावर मोठ्या खरेदीचा बोजाही पडत नाही.

पण तिथेही सारे आलबेल नाही. १९६५ च्या मूळ कायद्याने वगळलेली श्रवणयंत्रे मूळ मेडिकेअरमध्ये आजही मिळत नाहीत. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा श्रवणयंत्र मोफत देते, पण ते उसने दिलेले असते. ते विकता येत नाही आणि गरज संपली की परत करायचे असते. मालकीचा प्रश्न आला, की या दोन्ही देशांनी भाडे आणि उसनवारी यांचा आधार घेतला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

भारतातही पूर्ण अंधार नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘सीजीएचएस’मध्ये श्रवणयंत्र आणि सीपॅप यांना ठरलेल्या कमाल दरापर्यंत परतफेड मिळते. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या वैद्यकीय लाभांत कृत्रिम अवयव आणि साधने आहेत. म्हणजे दरतक्ता बनवणे अशक्य नाही, सरकारी योजनांनी तो बनवलेला आहे.

महाराष्ट्रात पर्याय कोणते?

ज्येष्ठांसाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांच्या बँक खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा होतात. ते ज्यासाठी द्यायचे, ती यादी बोलकी आहे. चष्मा, श्रवणयंत्र, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा ब्रेस, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर. विम्याच्या पहिल्या यादीने बाहेर काढलेल्या कित्येक वस्तू इथे जशाच्या तशा येतात. तीन हजारांत वॉकर किंवा पट्टा येतो. चांगले डिजिटल श्रवणयंत्र येत नाही.

अपंगत्वाचे किमान ४० टक्के प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर केंद्राच्या ‘एडीआयपी’ योजनेतून कृत्रिम अवयव आणि श्रवणयंत्रे मोफत किंवा निम्म्या किमतीत मिळतात. तेच साधन साधारणपणे तीन वर्षांत पुन्हा मिळत नाही. लहान मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे, कारण त्यांचे माप बदलत राहते. जयपूर फूट बसवणाऱ्या संस्थांची शिबिरे राज्यात होत असतात. मुंबईत हाजी अली येथील पुनर्वसन संस्था आणि पुण्यातील सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र ही जुनी, अनुभवी ठिकाणे आहेत. खासगी दुकानात जाण्याआधी तिथे चौकशी करणे फायद्याचे ठरते.

पॉलिसी घेताना आणि दावा करताना काय पाहावे?

पॉलिसीसोबत मिळणाऱ्या ग्राहक माहितीपत्रकात अपवादांचा थोडक्यात उल्लेख असतो. पण निर्णायक शब्द मूळ पॉलिसीत असतात. त्यात ‘कृत्रिम अवयव’, ‘श्रवणयंत्र’, ‘टिकाऊ उपकरणे’ आणि ‘सीपॅप’ हे शब्द शोधावेत. ते देय खर्चांच्या बाजूला आहेत की अपवादांच्या, आणि त्यांच्यासोबत ‘शस्त्रक्रियेदरम्यान’ अशी अट आहे का, हे पाहावे.

‘कन्झ्युमेबल्स कव्हर’ नावाचे जोडकव्हर घेतले म्हणजे सगळे मिळेल, असा समज अनेकांचा असतो. हे जोडकव्हर बहुधा दाखल असतानाच्या काळात वापरलेल्या पहिल्या यादीतील वस्तूंचे पैसे देते. हातमोजे आणि मास्क त्यात येतील. घरी न्यायचा कृत्रिम पाय किंवा सीपॅप येईलच असे नाही. काही पॉलिसींत आता टिकाऊ उपकरणांसाठी स्वतंत्र कलम असते. त्यात उपकरणांची बंद यादी, रकमेची मर्यादा आणि प्रतीक्षा कालावधी असतो. तेव्हा आपल्याला लागणारे उपकरण त्या यादीत आहे का, एवढे विक्रेत्याकडून ई-मेलवर लिहून घ्यावे. नोकरीच्या ठिकाणच्या समूह विम्यात कंपनीने जादा हप्ता भरून असे अपवाद काढून टाकलेले असू शकतात. हे मनुष्यबळ विभागाला विचारल्याशिवाय कळत नाही.

अवयव कापावा लागला असेल, तर डिस्चार्जच्या कागदावरच ‘कृत्रिम अवयवाची गरज आहे, जखम भरल्यावर बसवावा’ अशी नोंद डॉक्टरांकडून करून घ्यावी. मुदत संपण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवून, विलंब वैद्यकीय कारणाने आहे असे सांगावे. याने दावा मंजूर होईलच असे नाही. पण पॉलिसीत ‘कृत्रिम अवयव’ हा शब्द देय खर्चांत असेल आणि केवळ तारखेवरून नकार आला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि मग विमा लोकपालाकडे जाताना हाच कागद उपयोगी पडतो. लोकपालाकडची तक्रार विनाशुल्क असते आणि वकील लागत नाही. याउलट, पॉलिसीत श्रवणयंत्र किंवा वॉकर नाव घेऊन वगळलेला असेल, तर तिथे यश मिळण्याची शक्यता कमी असते. तो वेळ आणि श्रम एडीआयपीसारख्या योजनेच्या अर्जासाठी लावलेले बरे.

पुढे काय होऊ शकते?

चारही साधनांना एकच तोडगा लागू पडणार नाही. श्रवणयंत्राचा खर्च अपेक्षित असल्याने तो विम्यापेक्षा सरकारी साहाय्याने किंवा बचतीने भागवणे तर्काला धरून आहे. वॉकर आणि पट्टे स्वस्त आहेत. ते डिस्चार्जच्या बिलात सामावून घेतले तर हप्त्यावर फारसा भार पडणार नाही. सीपॅपला भाडे आणि वापराची नोंद हा मार्ग इतरत्र चालला आहे. कृत्रिम अवयवाचे प्रकरण मात्र सर्वांत सरळ आहे. पाय कापण्याची घटना अनिश्चित आहे, तिची नोंद रुग्णालयात आहे, खोटा दावा करणे जवळपास अशक्य आहे आणि असे रुग्ण एकूण विमेदारांत थोडेच असतात. विम्याने जी जोखीम घ्यायला हवी, तिच्या सगळ्या कसोट्यांवर ते उतरते. तिथे कलमातील ‘शस्त्रक्रियेदरम्यान’ ही अट काढून टाकणे आणि ६० दिवसांची मुदत पाय बसवण्याच्या वैद्यकीय वेळापत्रकानुसार वाढवणे, एवढे दोनच बदल पुरेसे आहेत.